आरशामागची भिंत

पद्मा गोखले घाबरट आहे, हे चिंचवडात तिला ओळखणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. घर सोडताना स्टोव्ह विझलाय का हे ती दोनदा पाहायची. एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर कधी बसायची नाही. तिचे वडील राजगुरुनगरला मास्तर होते. ते गेल्यावर ती आईला घेऊन चिंचवडला आली. मुंबईला राहून फिजिओथेरपीचं शिक्षण पुरं केलेलं होतं आणि कारखान्यांच्या या पट्ट्यात अशा माणसाची फार गरज होती. कुणाचा खांदा आखडलेला, कुणाच्या मणक्याला मार लागलेला, कुणाचा हात-पाय गेलेला. अशा माणसांना पुन्हा उभं करायचं तिचं काम. स्वतः इतकी भित्री बाई दुसऱ्याला धीर कसा देते, याचं तिच्या आईला नेहमी नवल वाटे.

पिंपरीला एका ट्रस्टचा दवाखाना होता. इमारत मूळची गोदामाची. काँक्रीटचे खांब आणि तुळया, मधल्या भिंती विटांच्या, वर स्लॅब. ट्रस्टनं ती घेतली तेव्हा आतला लांब हॉल मधोमध पार्टिशन टाकून दोन खोल्यांत वाटला. एकीकडे डॉक्टर नानासाहेब बसत, दुसरीकडे पद्माची व्यायामाची खोली. पार्टिशन विटांचं बांधलं तर वेळ लागला असता, म्हणून लाकडी चौकट उभी करून तिला दोन्ही बाजूंनी प्लास्टरचे बोर्ड ठोकले. वरून चुना मारला की ती भिंत इतर तीन भिंतींसारखीच दिसे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या श्रावणात तिथं आरसा आला. पद्मानंच तो मागितला होता. नवा पाय बसवलेल्या माणसाला आपण तिरके चालतोय हे शंभरदा सांगून कळत नाही, एकदा दिसलं की कळतं. आरसा चार फूट रुंद, सहा फूट उंच, जाड काचेचा. मागं प्लायवूड, भोवती सागवानी चौकट. टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. ट्रस्टचे चिटणीस यशवंतराव स्वतः हजर होते. खिडकीचा उजेड समोर पडावा म्हणून आरसा पार्टिशनवर लावायचं ठरलं. आधारासाठी धरायचे दोन लोखंडी दांडे जमिनीत आधीच रोवलेले होते, त्यांचं तोंडही त्याच बाजूला होतं. सुतारानं विटांच्या भिंतीत ठोकतात तसे भोकं पाडून प्लग ठोकले आणि चौकटीतून आठ लांब स्क्रू पिळले. आरसा जमिनीपासून वीतभर उंचीवर घट्ट बसला. यशवंतरावांनी नारळ फोडला.

पहिले काही दिवस पद्मा खूष होती. मग एका सकाळी नानासाहेबांच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटलं आणि तिला आरशातली खिडकी थरथरताना दिसली. खिडकी समोरच्या भिंतीत होती, ती काही हलली नव्हती.

तिनं यशवंतरावांना सांगितलं. ते आले, आरशावर तळहात दाबून म्हणाले, "पद्माताई, हा भिंतीला चिकटलाय बघा. कुठं हलतोय?"

"तुम्ही आत दाबताय. तो बाहेर यायची भीती आहे."

"आठ स्क्रू आहेत हो." ते हसले. वाईट हसले नाहीत. "सुतार गावाला गेलाय. आला की बघायला सांगतो."

दवाखाना झाडायला छबूबाई यायची. आरशाखाली रोज थोडी पांढरी भुकटी पडलेली असे. छबूबाईला वाटे, चुना गळतोय. पद्मानं ती बोटावर घेतली. चुन्यासारखी कचकच नव्हती, पीठ होतं मऊ. भिंतीच्या आत काहीतरी दळलं जात होतं.

मग तिनं एक पोस्टकार्ड घेतलं आणि स्टुलावर चढून आरशाच्या वरच्या कडेशी, चौकट आणि भिंत यांच्यामध्ये सरकवून पाहिलं. कार्डाचा नुसता कोपरा आत गेला. पुढच्या आठवड्यात निम्मं कार्ड आत गेलं. त्या दिवशी तिनं यशवंतरावांच्या घरी जाऊन पुन्हा सांगितलं. त्यांनी या खेपेला हसून सोडलं नाही. रविवारी ओळखीच्या इंजिनिअरला घेऊन येतो म्हणाले. दरम्यान पद्मानं आरशापुढं बाक आडवा टाकला आणि कुणाला दांड्यांच्या त्या टोकापर्यंत जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं. पण दांड्यांच्या मध्ये चालणारा माणूस पाच-सहा पावलांत तिथं पोचायचाच.

रविवार यायच्या आधी शुक्रवार आला.

शुक्रवारी महाळुंग्याचे आबाजी यायचे. पन्नाशीचे, जुन्या शेतकरी घरातले. नाशिक रस्त्यावर बैलगाडीला ट्रकची धडक बसून त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. पुण्याहून लाकडी पाय करून आणलेला, पण त्यावर भार टाकायचं त्यांना धाडस होत नव्हतं. दांडे इतके आवळून धरत की तळहाताला फोड यायचे. त्या दिवशी ते पहिल्यांदा नुसता हात टेकवून चालणार होते.

समोर उभं राहायला जागा हवी म्हणून पद्मानं बाक उचलून बाजूला ठेवला आणि ती दांड्यांच्या पुढच्या टोकाशी उभी राहिली. पाय नीट पडतोय का हे समोरूनच दिसतं. तिची पाठ आरशाकडे होती, हातभर अंतरावर. तिला ते जाणवत होतं. मानेवर कुणीतरी श्वास सोडावा तसं वाटत होतं. पण आबाजी तिच्याकडे बघत होते आणि तिनं चेहरा हसरा ठेवला होता.

"या. खाली बघू नका. आरशात बघा."

आबाजी चार पावलं आले. पाचव्याला थांबले. त्यांचे डोळे मोठे झाले, ओठ पांढरे पडले.

"बाई, मी पडतुया."

"नाही पडत. सरळ उभे आहात तुम्ही."

"न्हाई बाई, पडतुया. जमीन वर येतीया बघा."

ते ताठ उभे होते. पद्माला क्षणभर काही कळलं नाही. मग तिच्या मागं करकर असा आवाज झाला, वाळकी फांदी सावकाश मोडावी तसा, आणि तिच्या डोक्याला, मग खांद्यांना गार काच लागली. आबाजी पडत नव्हते. आरशातले आबाजी पडत होते.

तिनं दोन्ही हात मागं नेऊन तळवे काचेवर टेकले आणि पाठ लावली. वजन आलं. थोडंच आलं, पण थांबलं नाही. वरचे स्क्रू भिंतीतून निघाले होते, खालच्या डाव्या कोपऱ्यातले एकदोन अजून कशाला तरी धरून होते. ती जोर लावून मागं रेटायला गेली तर खालून पुन्हा करकर झाली आणि काच तिच्या पाठीवर किंचित वाकल्यासारखी वाटली. तिनं रेटणं थांबवलं. आता तिला पुढं होता येत नव्हतं, मागं रेटता येत नव्हतं. वीत-दीड वीत खाली हात सरकला असता तरी सगळं तिच्यावर आणि तिच्यासमोर दोन पावलांवर उभ्या असलेल्या माणसावर आलं असतं.

छबूबाई पाणी भरायला गेली होती. खोलीत दोघंच.

नंतर ती सांगायची की त्या वेळी तिला आपण मरणार असं वाटलं नाही. काच फुटल्यावर आबाजींचं काय होईल, ते एका पायावर खाली बसूही शकणार नाहीत, एवढंच वाटत होतं.

"आबाजी," ती म्हणाली. आवाज कुणा दुसऱ्याचा असावा तसा निघाला. "आरसा सुटलाय. मी धरलाय. तुम्ही मागं जायचं."

"मागं?" आबाजी म्हणाले. "मागं तर आपुन कदी गेलोच न्हाई."

ते खरं होतं. तिनं त्यांना पुढं चालायला शिकवलं होतं. मागं चालणं महिनाभरानं घ्यायचं असा तिचा विचार होता.

"आता शिकू. दांडे धरा. आवळून धरा आज, मी काही म्हणणार नाही. सगळा भार चांगल्या पायावर आणि हातांवर. धरलं?"

"व्हय."

"नवा पाय उचलून मागं न्या. थोडाच. आधी चवडा टेकू द्या, मग टाच."

आबाजींनी पाय नेला. तो दांड्याच्या खुंटाला अडकला. त्यांचा तोल गेला आणि त्यांनी दांड्यावर छाती टाकली. दांडे हादरले. दांडे जमिनीत होते, जमीन हादरल्यासारखं वाटलं, आणि पद्माच्या पाठीवर आणखी थोडं वजन आलं. मानेवरून भुकटी आत ब्लाउजमध्ये पडली.

"काही झालं नाही," ती म्हणाली. "पाय सोडवा. पुन्हा. माझ्याकडे बघा, काचेकडे नको."

"तुमच्या मागं तीच हाय की बाई."

"मग माझ्या नाकाकडे बघा."

आबाजींनी पाय सोडवला. मागं नेला. टेकवला. "आता हात मागं सरकवा. एकेक. आता चांगला पाय." ती सांगत होती आणि तिचे दंड थरथरायला लागले होते. त्यांचं एक पाऊल पडेपर्यंत तिला तीन श्वास घ्यावे लागत. दुसरं पाऊल. तिसरं. मध्येच पार्टिशनच्या पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नानासाहेब उठले होते. ते उठले की मधलं दार ढकलून चहा सांगायला इकडे येत. ते दार त्याच पार्टिशनमध्ये होतं.

"डॉक्टर," पद्मा ओरडली. मान हलवायची सोय नव्हती, ती छतालाच ओरडली. "दार उघडू नका. हात लावू नका दाराला. व्हरांड्यातून या. माणसं घेऊन या."

पलीकडे शांत झालं. नानासाहेबांचा हात कडीवर होता, हे त्यांनी नंतर सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. चपलांचा आवाज दूर गेला.

आबाजी दांड्यांच्या पार मागच्या टोकाला पोचले. तिथं खुर्ची होती. ते तिच्यात कोसळले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. नानासाहेब आणि बाहेर नंबर लावून बसलेले दोघं व्हरांड्याच्या दारातून आत आले. त्यांनी व्यायामाच्या गाद्या आरशाखाली पसरल्या. दोघांनी दोन्ही कडा धरल्या, नानासाहेबांनी वरची कड डोक्यावर हात नेऊन पेलली. "पद्मा, आता बाहेर ये," ते म्हणाले. तिला हात सोडताच येईनात. बोटं काचेला चिकटून बसली होती. नानासाहेबांनी तिला दोनदा नावानं हाक मारली तेव्हा ती खाली वाकून कडेनं बाहेर आली. तिघांनी आरसा गाद्यांवर आडवा केला. एका कोपऱ्यात तडा गेला होता, बाकी काच शाबूत होती.

पद्मा व्हरांड्यात जाऊन ओकली.

रविवारी यशवंतराव इंजिनिअरला घेऊन आले. श्रीपाद कुलकर्णी, एका कंपनीच्या बांधकाम खात्यात होता. पद्मा दाराशी उभी राहिली, पुढं गेली नाही. पार्टिशनमध्ये स्क्रूंच्या जागी बोरं मावतील एवढी भोकं पडली होती. श्रीपादनं एका भोकात बोट घातलं, ते पलीकडं पोकळीत गेलं.

"बोर्ड अर्धा इंच जाड," तो म्हणाला. "आत जिप्सम, बाहेर कागद. प्लग फुगतो तेव्हा त्याला चहूकडून घट्ट काहीतरी लागतं. इथं आहे खडू. दार आपटलं की प्लग थोडं पीठ पाडणार, भोक मोठं होणार." त्यानं भिंतीवर बोटांनी ठोकत ठोकत आडवी रेघ धरली. पोकळ, पोकळ, पोकळ, मग एके ठिकाणी आवाज बसका झाला. "ही चौकटीची फळी. दोन-दोन फुटांवर असेल. सुताराचे खालचे दोन स्क्रू नशिबानं हिच्यात गेले. तेवढ्यावर तो अडकून राहिला."

यशवंतराव खाली बघत होते. "पद्माताईंनी मला सांगितलं होतं," ते म्हणाले.

"मागच्या भिंतीवर लावू," श्रीपाद म्हणाला. "ती विटांची आहे."

"कसल्या विटांची?" पद्मानं विचारलं. भीतीनं विचारलं. आता तिचा चुन्याखालच्या कशावरच विश्वास उरला नव्हता.

श्रीपाद थांबला. "बघू," म्हणाला. त्यानं हाताचं ड्रिल घेऊन हळूहळू भोक पाडायला सुरुवात केली. आधी प्लास्टरची पांढुरकी भुकटी आली, मग लाल. मग बोटाच्या पेराएवढं आत गेल्यावर ड्रिल एकदम धसकन आत घुसलं आणि त्याचा हात भिंतीवर आपटला.

त्यानं ड्रिल बाहेर काढून भोकात पाहिलं. "पोकळ विटा आहेत. बरं झालं विचारलंत. मी फुगणारे बोल्ट घालणार होतो."

"घातले असते तर?"

"आवळताना विटेची बाहेरची कड फुटली असती. नसती फुटली तर तेव्हा कळलं नसतं, नंतर फुटली असती." त्यानं पद्माकडे पाहिलं. "अशा विटेत दुमडलेल्या पंखांचा बोल्ट घालतात. भोकातून आत गेला की पोकळीत पंख उघडतात आणि आतून धरतात. पण एवढं वजन मी नुसतं त्यावरही टाकणार नाही."

मग तो स्टूल घेऊन वर चढला. भिंतीच्या माथ्याशी, छताखाली काँक्रीटची तुळई आडवी गेली होती. तिथं त्यानं हातोडीनं टोचा मारला. आवाज दगडासारखा आला, टोचा उसळला.

दुसऱ्या रविवारी काम झालं. तुळईत, तिच्या खालच्या कडेपासून चांगलं वर, जाड भोकं पाडली. प्लास्टर सोडून काँक्रीटमध्ये किती आत गेलं ते मोजलं, सायकलच्या पंपानं धूळ उडवून काढली, आणि मग फुगणारे बोल्ट घालून पान्यानं आवळले. त्यांवर लोखंडी कोन, कोनांतून खाली आलेल्या दोन लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांना खाली आडवा लोखंडी आधार. आरशाचं सगळं वजन त्या आधारावर आणि तिथून वर तुळईवर. पोकळ विटांत पंखांचे बोल्ट घातले ते फक्त आरसा पुढं झुलू नये म्हणून.

श्रीपाद आरसा चढवायला निघाला तेव्हा पद्मा म्हणाली, "आज नको. आधी वाळू लटकवा. आरशाच्या दुप्पट. आठवडाभर राहू दे."

यशवंतरावांनी काही बोलायच्या आत श्रीपादनं मान डोलावली. आठवडाभर व्यायामाच्या खोलीत भिंतीवर वाळूची पोती टांगलेली होती. पेशंट येऊन बघून जात. पद्मा रोज सकाळी खाली भुकटी शोधायची. नव्हती.

आरसा चढला, दांडे उपटून त्या भिंतीसमोर रोवले. आबाजी मात्र येईनात. एक शुक्रवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात पद्मा एसटीनं चाकणला गेली आणि तिथून टेम्पोनं महाळुंग्याला. आबाजी ओसरीवर बसले होते. लाकडी पाय भिंतीला टेकवून ठेवलेला. त्यांची बायको अंबुबाई आतून पाणी घेऊन आली.

"हात बी लावत न्हाईत त्याला," अंबुबाई म्हणाली. "झोपेत बी पडतुया पडतुया करत्यात."

पद्मा ओसरीच्या कडेला बसली. "मलाही तसंच होतं," ती म्हणाली. "त्या खोलीत पाठ आरशाकडे करून मी अजूनही उभी राहू शकत नाही. कडेला उभी राहते."

आबाजींनी मान वर केली. "मग मला कशाला बोलिवता?"

"तुम्ही त्या दिवशी मागं चाललात म्हणून. माझ्या इतक्या पेशंटांमध्ये पहिल्यांदाच मागं चालून दाखवलेलं कुणी नाही. ते वाया घालवू नका."

आबाजींनी भिंतीला टेकवलेल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आरशाम्होरं न्हाई चालणार."

"नका चालू. आरशाकडे पाठ करून चाला. मी समोर थांबेन. म्हणजे आरसा मला दिसेल आणि तुम्हाला मी."

तसंच झालं. ते शुक्रवारी आले आणि आरशाकडे पाठ करून चालले. पद्मा त्यांच्यावर एक डोळा आणि आरशाच्या वरच्या कडेवर एक डोळा ठेवून उभी असे. दिवाळीच्या सुमारास एकदा आबाजी मध्येच थांबले, वळले, दांडा धरून आरशाकडे पाहत राहिले. त्यांनी लाकडी पाय थोडा पुढं टाकला, आरशातला पायही पुढं आला. "उजवीकडं कलतुया की मी," ते म्हणाले. "हां. सांगत होते मी तुम्हाला," पद्मा म्हणाली. "सांगत व्हता. दिसलं न्हाई कदी."

पुढं पद्मा बरीच वर्षं त्या दवाखान्यात राहिली. आरसा जिथं लावला तिथंच राहिला. यशवंतराव ट्रस्टच्या दुसऱ्या इमारतीत काही टांगायचं असलं की आधी तिला बोलावून घेत, आणि ती प्रत्येक भिंतीवर ठोकून, कान लावून, खाली पीठ पडलंय का बघून मगच हो म्हणायची. लोक त्यावरून थट्टा करत. तिची भीती गेली नाही. वादळ आलं की ती छबूबाईला मधलं दार धरून ठेवायला लावायची, आरसा त्या भिंतीवर नसला तरी.

आबाजी त्यानंतर काठी टेकत स्वतःच एसटीनं यायला लागले. पद्मा खिडकीतून त्यांना रस्ता ओलांडताना बघायची. ट्रक एकामागून एक जात. आबाजी कडेला थांबत, दोन्हीकडे बघत. एखादा ट्रक अंगावर येतोय असं वाटलं की ते न वळता, न घाबरता, एक पाऊल मागं सरकत. मग रस्ता मोकळा झाला की पलीकडं जात. ते पलीकडं पोचेपर्यंत पद्मानं खिडकीचा गज घट्ट धरलेला असे.